सतरा अक्षरे कोणती? मराठी हायकूची मोजणी आणि त्याचे रसग्रहण

हायकूच्या तीन ओळींतल्या अक्षरांचा पाच-सात-पाच हा आकडा आता खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. तालुक्याच्या ठिकाणी काव्यस्पर्धा असली की परीक्षक हायकू वाचण्याआधी बोटांवर मोजतात, आणि एक अक्षर जास्त निघाले की कागद बाजूला जातो. कॉलेजातल्या उत्तरपत्रिकांमध्येही रसग्रहणाची सुरुवात ‘ही सतरा अक्षरांची कविता आहे’ याच वाक्याने होते. पुढे काय लिहायचे ते सुचत नाही, म्हणून मग कवीचे चरित्र येते, जपानचा निसर्ग येतो, आणि कविता विदर्भातली असेल तर कवितेत नसलेली आत्महत्याही येते. मोजणीचा हट्ट आणि रसग्रहणाची ही अडचण या दोन्हींच्या मुळाशी एक जुना निर्णय आहे: जपानी हायकूतले ‘सतरा’ म्हणजे मराठीतली सतरा अक्षरे, असे आपण धरून चाललो.

जपानमध्ये हा प्रकार स्वतंत्र कविता म्हणून जन्मला नाही. अनेकांनी मिळून रचायच्या साखळी-कवितेचे ते पहिले कडवे होते. बैठक कोणत्या ऋतूत भरली आहे हे त्या कडव्यात यावे लागे, आणि मागून येणाऱ्यांना जागा राहील असे ते अर्धे उघडे ठेवावे लागे. बाशो या कवीची, तळ्यात उडी घेणाऱ्या बेडकाची प्रसिद्ध कविता १६८६ मधली आहे, पण तिला त्या काळी कोणी हायकू म्हणत नव्हते. ते नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ झाले, साखळीपासून कडवे कायमचे सुटे केल्यावर. जपानीत ती कविता बहुधा एकाच उभ्या ओळीत छापतात. तीन ओळी ही मुख्यतः अनुवादांची सोय.

भारतात ती आधी बंगालीत दिसली. १९१६ मध्ये जपानला गेलेल्या बंगाली कवीने आपल्या प्रवासवर्णनात बेडकाची कविता उतरवली. मराठीत हायकू खऱ्या अर्थाने रुजला तो १९७० च्या दशकापासून, मुख्यतः एका कवयित्रीच्या चिकाटीने. त्या पहिल्या मराठी हायकूत सतराची सक्ती नव्हती. ओळी तीन असत आणि त्यांतल्या दोन ओळींत यमक असे, बहुतेकदा पहिल्या आणि तिसऱ्या किंवा दुसऱ्या आणि तिसऱ्या. जपानी हायकूत यमकाला काही स्थान नाही, त्यामुळे पुढे अनेकांनी ही चूक मानली. मला ती चूक वाटत नाही. ओवीवर वाढलेल्या कानाला तीन सुट्या ओळी एकत्र बांधायला काहीतरी हवे होते, आणि यमकाने ते काम केले. त्याची किंमतही होती: यमक कविता मिटवून टाकते, तर हायकूला उघडे राहायचे असते. चारोळीने पुढे नेमका हाच मिटण्याचा गुण उचलला. शेवटच्या ओळीत विचार पुरा होतो, लोक दाद देतात. चारोळीचे रसग्रहण त्यामुळे सोपे जाते आणि हायकूचे अडते.

पाच-सात-पाच अक्षरांचा आग्रह नंतर वाढला, आणि गेल्या काही वर्षांत फोनवरच्या कवितेच्या गटांनी तो नियमच करून टाकला. आता या ‘अक्षर’ शब्दाकडे नीट पाहू.

जपानी कवी जे मोजतो त्याला ‘ओन’ म्हणतात. टोक्यो हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण जपानी माणूस तिथे चार ओन मोजतो, कारण दोन्ही स्वर दीर्घ आहेत आणि दीर्घ स्वराला दोन माप लागतात. निप्पोन या शब्दातही चार: नि, अडखळणारा प्, पो, आणि शेवटचा न्. जोडाक्षराआधीचा थांबा वेगळा मोजायचा, शेवटचा अनुनासिकही वेगळा मोजायचा. ही पद्धत मराठी माणसाला अनोळखी नाही. लघू एक, गुरू दोन, जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, अनुस्वार असलेले गुरू: ही तर आपली मात्रांची मोजणी. टोक्यो म्हणजे दोन गुरू, चार मात्रा. म्हणजे ओनचा जवळचा नातलग मात्रा आहे, अक्षर नाही. हे नाते पूर्ण जुळत नाही हेही खरे, कारण जपानीत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि मराठी छंदशास्त्रात ते नेहमी गुरूच. तरीही अक्षरापेक्षा मात्रा किती तरी जवळची.

मग मराठीने अक्षर का घेतले? ओवी आणि अभंग हे दोन्ही अक्षरछंद आहेत. तिथे लघु-गुरू पाहत नाहीत, प्रत्येक अक्षर एक धरतात आणि म्हणताना ते लांबवतात. जात्यावर बसलेल्या बाईला मात्रा मोजायची गरज पडली नाही, ओढीने ती अक्षरे सारखी करून घेत होती. छोट्या कवितेसाठी आपल्या हाताशी असलेले माप तेच होते. पण ओवी गायची असते आणि हायकू बोलल्यासारखा वाचायचा असतो. इथे गुंता होतो.

आपल्याकडचा रोजचा शब्द घ्या: कापूस. लिहिताना अक्षरे तीन. बोलताना शेवटचा स अर्धाच उरतो, म्हणून ठोके दोन: का-पूस्. मात्रा मोजल्या तर पाच. बोंड हा शब्द लिहिताना दोन अक्षरे, बोलताना एकच ठोका, मात्रा तीन. म्हणून ‘कापूस बोंड’ ही ओळ कागदावर पाच अक्षरांची आणि तोंडात तीन ठोक्यांची. ज्याने बोटांवर पाच मोजले त्याने डोळ्यांसाठी लिहिले, कानासाठी नाही. इंग्रजीतही सुरुवातीला सतराचा असाच आग्रह होता. पुढे लक्षात आले की जपानी सतरा ओन इंग्रजीच्या दहा-बारा ठोक्यांतच मावतात, सतरा केले की कविता सैल होते, आणि तिथल्या बऱ्याच कवींनी सतरा सोडून दिले. मराठीत अजून ‘तो’, ‘ही’, ‘च’ घालून संख्या भरली जाते. भरतीचे अक्षर ओळखणे अवघड नाही: ते काढून ओळ वाचायची, अर्थ तसाच राहिला तर ते मोजणीसाठीच आले होते.

रसग्रहण लिहिणाऱ्याने म्हणून आधी हे सांगावे की तो काय मोजतो आहे. त्यानंतर खरे काम सुरू होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलेला हायकू घेतो:

रिकामी बंडी —
धुऱ्यावर थांबला
मृगाचा ढग

लिहिलेली अक्षरे पाच-सात-पाच, चोख. मोठ्याने वाचा: रि-का-मी-बं-डी पाच ठोके, धु-ऱ्या-वर्-थांब्-ला पाच, मृ-गा-चा-ढग् चार. म्हणजे कानाला मधली ओळ लांब लागत नाही आणि शेवटची ओळ एका ठोक्याने तुटकी पडते. ‘ढग’वर आवाज बंद होतो, लांबवायला स्वर उरत नाही. ही एवढी नोंद सतराच्या वाक्यापेक्षा जास्त सांगते.

जपानी हायकूत ऋतूचा शब्द असतो आणि अशा शब्दांचे कोशही आहेत. आपल्याला कोश करायला नको, शेतकऱ्याकडे तो नक्षत्रांच्या रूपात तयार आहे. मृग, आपल्या तोंडी मिरग, साधारण ७-८ जूनला लागतो. शेणखत शेतात टाकून झालेले असते, पेरणी पावसासाठी अडलेली असते. ‘मृगाचा’ काढून ‘मघाचा’ ठेवले तर अक्षरे तेवढीच राहतात, पण महिना ऑगस्टचा होतो, पीक उभे असते, आणि रिकाम्या बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, अर्थ पार बदलतो. ‘पावसाचा’ ठेवले तर तारीखच जाते. एका शब्दाची अशी अदलाबदल करून काय हरवते ते लिहिले की एक परिच्छेद आपोआप उभा राहतो, आणि तो कवितेबाहेर जात नाही.

‘धुऱ्यावर’ या शब्दाशी मुले हमखास घसरतात. शहरातला वाचक इथे ‘जबाबदारीची धुरा’ वाचतो, शिवाय आधीच्या ओळीत बंडी असल्याने गाडीच्या जुवाचीही आठवण काढतो. पण ती धुरा स्त्रीलिंगी, तिचे रूप ‘धुरेवर’ होईल. इथे ‘धुऱ्यावर’ आहे, म्हणजे पुल्लिंगी धुरा, आपल्याकडचा दोन वावरांमधला बांध. व्याकरणाने एक अर्थ बंद केला आणि दुसरा उघडला: धुरा दोघांच्या मधला असतो, त्यावरून भांडणे होतात, आणि ढग तिथे उभा आहे, म्हणजे कोणाच्या वावरात पडेल ते ठरलेले नाही. शेतकऱ्याच्या दुःखाबद्दल लिहायचेच असेल तर ते या शब्दाला धरून लिहिता येते. ज्या वाक्यासाठी कवितेतल्या कोणत्याही शब्दावर बोट ठेवता येत नाही, ते खोडावे.

मग कवितेचे दोन तुकडे पाडण्याची जागा. जपानीत त्यासाठी खास शब्द असतात, बेडकाच्या कवितेतला ‘या’ तसाच. मराठीत तसे शब्द नाहीत, म्हणून आपण आडवी रेघ देतो, आणि पुष्कळदा ती रेघ नुसती शोभेची असते. या हायकूत ती खरी आहे, कारण लिंग तिला साथ देते. बंडी स्त्रीलिंगी, ‘थांबला’ पुल्लिंगी, म्हणजे थांबली ती बंडी नव्हे. मग थांबला कोण? दुसरी ओळ संपेपर्यंत वाचकाला एक माणूस दिसतो, बंडी सोडून धुऱ्यावर उभा राहिलेला. तिसऱ्या ओळीत कळते की तो ढग आहे. माणूस कवितेत कुठेच नाही आणि तरी एका ओळीपुरता उभा राहून गेला. जपानी क्रियापदाला लिंग नसते, त्यामुळे तिथे हे असे घडणार नाही.

हे खरेच शब्दांनी केले आहे की आपणच कवितेवर लादतो आहोत, हे तपासण्यासाठी मी वर्गात फळ्यावर शेवट बदलून लिहिला: ‘धुऱ्यावर थांबली / मृगाची सर’. अक्षरे तीच, सात आणि पाच. पण आता ‘थांबली’ बंडीला चिकटते, रेघ असूनही पहिल्या दोन ओळींचे सरळ वाक्य होते: रिकामी बंडी धुऱ्यावर थांबली. ‘मृगाची सर’ मागे एकटी उरते, आणि ‘सर थांबली’ असे वाचले तर पाऊस पडून गेलेला असतो. धुऱ्यावर उभा असलेला माणूस मात्र आता कुठेच दिसत नाही.