ड्रेनची बाटली आणि ताटाची वही

समजा, एक काका आहेत, 58 वर्षांचे, वजन 60 किलो. उजव्या फुफ्फुसाचा एक भाग काढलाय, सोबत छातीतल्या गाठीही काढल्यात. दुसऱ्या दिवशी दूध घातलेला चहा आणि थोडा उपमा खाल्ला आणि संध्याकाळी छातीतल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं. घरच्यांना वाटतं पू झाला. पण तो पू नसतो. द्रव लॅबला पाठवला, त्यात ट्रायग्लिसराइड 340 आलं (110 च्या वर असलं की डॉक्टर जवळजवळ खात्री धरतात), म्हणजे ही काईल गळती, जेवणातलं फॅट वाहून नेणारा पांढरा द्रव छातीत गळतोय.

आपण तेल-तूप खातो ते आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. त्याचे बारीक थेंब बनतात आणि लसिकेच्या नळ्यांतून, शेवटी थोरॅसिक डक्ट नावाच्या एका पातळ नळीतून मानेजवळ रक्ताला मिळतात. ऑपरेशनमध्ये ही नळी किंवा तिची एखादी फांदी दुखावली तर तो माल छातीत सांडतो. आणि त्यात फक्त फॅट नसतं, लिटरमागे वीस-तीस ग्रॅम प्रोटीन जातं, रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशीही जातात, म्हणजे माणूस खातोय तरी आतून रिकामा होतोय.

मग यावर उपाय म्हणून एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या फॅटचं तेल. यातल्या फॅटच्या साखळ्या लहान असतात, 8 ते 10 कार्बनच्या, त्यामुळे त्या या नळीला वळसा घालून थेट लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात शिरतात. कॅलरी मिळते आणि गळणाऱ्या नळीवर भार कमी पडतो. इथेच आपल्याकडे हमखास चूक होते, कोणीतरी सांगतं खोबरेल तेल म्हणजे एमसीटीच की! नाही हो. खोबरेलात निम्म्याच्या आसपास 12 कार्बनचं लॉरिक अॅसिड असतं आणि त्याचा मोठा भाग त्या दुखऱ्या नळीतूनच जातो.

काकांचा हिशोब असा केला: दिवसाला 1800 कॅलरी, 90 ग्रॅम प्रोटीन, साधं फॅट 10 ग्रॅमच्या आत. एमसीटी पहिल्या दिवशी एकच टेबलस्पून, तेही भात, आमटी, ताकात विभागून, कारण एकदम दिलं तर पोटात कळा आणि जुलाब होतात. मग हळूहळू तीन टेबलस्पून, म्हणजे साधारण 345 कॅलरी. हे तेल लवकर धुरावतं म्हणून फोडणीला नाही, शिजलेल्यावर वरून घालायचं. प्रोटीनसाठी अंड्याचा पांढरा भाग, स्किम दुधाचं दही आणि पावडर. 10 ग्रॅम म्हणजे किती कमी हे बघा, टोन्ड दुधाच्या एका ग्लासातच 6 ग्रॅम गेले, आणि चमचाभर शेंगदाण्याच्या कुटात जवळपास 4. भाजीवर कूट भुरभुरायची सवय इथे महाग पडते.

आता वही. रोज सकाळी 6 ला छातीतल्या नळीला जोडलेल्या बाटलीतलं पाणी मोजायचं, आणि बाटलीत आधीच भरलेलं निर्जंतुक पाणी वजा करायचं, हे विसरलं तर आकडा वेडाच येतो. रंगही लिहायचा. काकांचे आकडे असे: 620, 540, 430, 310, 180 मिली. छान वाटतंय ना? पण शेजारच्या रकान्यात तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी खाल्लेल्या कॅलरी होत्या 850 आणि 700. तेलकट वास येतो म्हणून ते अर्धं ताट परत पाठवत होते. म्हणजे गळती बरी होत होती की माणूस उपाशी होता म्हणून पाणी कमी होतं, हे नुसत्या बाटलीवरून सांगताच येत नाही! मग एमसीटी थंड ताकात दिलं, खाणं 1650 पर्यंत गेलं आणि पाचव्या दिवशी पाणी तरीही 180 वर आलं, तेव्हा कुठे जरा विश्वास बसला.

सहाव्या दिवशी एकदम 480, पांढरं. वहीत सगळं व्यवस्थित होतं, पण विचारल्यावर कळलं, घरच्या डब्यात खोबऱ्याची चटणी आली होती. ती बंद झाल्यावर दोन दिवसांत परत खाली आलं. उलट पाणी अचानक शून्य झालं आणि धाप लागली तर खूश व्हायचं नाही, छातीतली नळी तुंबली असेल. नळीतलं पाणी श्वासाबरोबर हलतंय का बघायचं आणि एक्सरे काढायचा.

या डाएटचीही मर्यादा आहे. एमसीटीत शरीराला लागणारी लिनोलेइकसारखी अॅसिडं नसतात. दोन-तीन आठवडे गेले की रोज चमचाभर करडईचं तेल त्याच 10 ग्रॅमच्या आत बसवावं लागतं, किंवा शिरेतून लिपिड द्यावं लागतं (ते थेट रक्तात जातं, नळीला त्रास नाही). ए, डी, ई, के व्हिटॅमिन वेगळी. आणि रोज लिटरभर पाणी चार-पाच दिवस येतच राहिलं तर डाएटवर अडून बसायचं नाही, सर्जनने थोरॅसिक डक्ट बांधायची किंवा रेडिओलॉजिस्टने ती आतून बंद करायची.

काकांचं दहाव्या दिवशी 120 आलं, पिवळसर पातळ. छातीतली नळी लगेच नाही काढली. आधी वरण-भात-तूप असं नेहमीचं जेवण दिलं आणि पुढचा दिवस बाटलीकडे बघत बसलो. 110, रंग तसाच. मग काढली.