विषाणू सापडत नाही, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार दर सहा महिन्यांनी नाशिकला माझ्या लॅबमध्ये रक्त तपासायला येतात. वय ४६. मागच्या खेपेला त्यांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि जरा रागानेच म्हणाले, "मॅडम, दीड वर्ष झालं, एक दिवस गोळी चुकवली नाही. या कागदावर म्हणे विषाणू सापडत नाही. आणि या कागदावर पॉझिटिव्ह. मग गोळी खाऊन उपयोग काय?"

प्रश्न बरोबर होता. आणि त्याच्या उत्तरातच कावीळ 'ब'चा विषाणू कॅन्सरपर्यंत कसा पोचतो, ते दडलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मंडळाच्या शिबिरात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रक्तदान केलं. आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटून जा. रक्तात 'एचबीएसएजी' सापडलं होतं, म्हणजे या विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन. त्यांना आयुष्यात कधी कावीळ झालेली नव्हती. डोळे पिवळे नाहीत, भूक व्यवस्थित, बागेत दिवसभर काम. घरातल्या सगळ्यांची तपासणी केली तेव्हा आई पॉझिटिव्ह निघाली, बहीण पॉझिटिव्ह निघाली. बायको आणि मुलं निगेटिव्ह. म्हणजे हे दुखणं त्यांना बहुधा जन्मताच मिळालेलं. जन्म घरी, सुईणीच्या हातून, १९७० च्या दशकाच्या शेवटी. तेव्हा या विषाणूवरची लसच बाजारात नव्हती.

वय इथे फार महत्त्वाचं आहे. मोठ्या माणसाला हा विषाणू झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर त्याला काही महिन्यांत हुसकून लावतं. (आपल्याकडे 'पांढरी कावीळ' उतरवणाऱ्यांचं नाव होतं ते याच पंचाण्णवांच्या जोरावर. पाला बांधला नसता तरी ते बरेच झाले असते.) पण जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांच्या अंगात तो कायमचा राहतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका मानतच नाही. म्हणून तर लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो.

आमच्या बागायतदारांच्या यकृतात पहिली वीस-पंचवीस वर्षं वरून पाहता काहीच घडलं नसणार. रक्तात विषाणू कोट्यवधी, तरी यकृताची तपासणी नॉर्मल. हा विषाणू स्वतः यकृताची पेशी मारत नाही. तो तिच्या केंद्रात जातो, आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून तिथे ठेवतो, आणि त्या कड्यावरून नव्या विषाणूंच्या प्रती काढत राहतो. पेशी जगते, काम करते आणि सोबत विषाणूही बनवते.

भांडण सुरू होतं ते पंचविशी-तिशीच्या आसपास. प्रतिकारशक्तीला उशिरा जाग येते आणि ती विषाणू असलेल्या पेशी मारायला लागते. यकृतपेशींतलं 'एसजीपीटी' रक्तात वाढतं ते या मेलेल्या पेशींमुळे. मेलेल्या पेशींची जागा भरायला उरलेल्या पेशी विभागतात. पुन्हा त्यांतल्या काही मारल्या जातात, पुन्हा उरलेल्या विभागतात. दर वेळी थोडा व्रणही राहतो आणि यकृत हळूहळू ताठर होतं. निदान झालं तेव्हा या गृहस्थांचं एसजीपीटी ९२ होतं, ४० च्या आत असायला हवं ते. फायब्रोस्कॅनवर यकृताचा ताठरपणा ९.८ आला, निरोगी माणसात तो पाचच्या आसपास असतो. सिरॉसिस नव्हता, पण त्या वाटेवर बरंच अंतर कापून झालं होतं. आणि पोटात एकदाही दुखलं नव्हतं.

हे मी त्यांना बागेच्या भाषेत सांगितलं. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. दर वेळी वेल नव्याने फुटतो. इतक्या फुटींमध्ये कधीतरी एखादी काडी वेगळी निघते. सोनाका ही जात थॉमसनमधल्या अशाच बदललेल्या काडीतून आली, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मणी लांबट दिसले, कुणीतरी ती काडी राखली, तिच्यापासून कलमं केली आणि आता त्या सगळ्या बागा मूळच्या एका काडीच्या आहेत. यकृतातही वर्षानुवर्षं छाटणी आणि फूट चालू असते. फरक एवढाच, की तिथे वेगळी निघालेली काडी कुणी मुद्दाम राखत नाही. ती जोमाने वाढते म्हणूनच राहते.

आता विषाणूची स्वतःची करामत. त्याचा डीएनए जेमतेम ३,२०० अक्षरांचा. माणसाच्या पेशीतलं बाड सुमारे ३०० कोटी अक्षरांचं. विषाणूच्या प्रती निघताना त्यातल्या काही बिघडतात, कडं न होता सरळ दोरी होते. अशी मोकळी दोरी पेशीच्या डीएनएमध्ये जिथे तुटलेली जागा मिळेल तिथे चिकटते. विषाणूला याचा काहीही फायदा नाही. त्या चिकटलेल्या तुकड्यापासून अख्खा नवा विषाणू कधीच बनत नाही. हा निव्वळ अपघात, आणि हजारो पेशींमागे एखाद्या पेशीत होणारा. पण यकृतात पेशीच हजारो कोटी, आणि अपघाताला मुभा चाळीस वर्षांची.

बहुतेक तुकडे निरुपद्रवी जागी बसतात. एखादा मात्र नको तिथे बसतो. यकृताच्या गाठी तपासताना तो सगळ्यांत जास्त वेळा सापडला आहे 'टर्ट' नावाच्या जनुकाच्या दाराशी. गुणसूत्रांच्या टोकांना बुटाच्या नाडीला असते तशी टोपी असते, आणि पेशी दर वेळी विभागली की ती थोडी झिजते. पार झिजली की पेशी विभागायची थांबते. टर्ट ही टोपी पुन्हा बांधून देतं. मोठ्या माणसाच्या यकृतपेशीत ते बंद असतं, आणि बंदच असायला हवं. विषाणूच्या तुकड्यात मात्र शेजारचं जनुक चालू करण्याची ताकद असते. तो दाराशी बसला की टर्ट सुरू, आणि त्या पेशीला थांबण्याची वेळच येत नाही.

विषाणूचं 'एक्स' नावाचं एक छोटं प्रथिनही यात हातभार लावतं. पेशीकडे एक यंत्रणा असते, जी बाहेरून आलेल्या डीएनएच्या कड्याला गप्प बसवते. एक्स प्रथिन तिला मोडीत काढायला लावतं, कारण त्याशिवाय विषाणूच्या कड्यावरून प्रतीच निघत नाहीत. पण पेशीच्या स्वतःच्या डीएनएची डागडुजी करणाऱ्यांतही हीच यंत्रणा असते. विषाणू आपली सोय बघतो आणि पेशीच्या चुका दुरुस्त व्हायच्या राहून जातात. एवढ्यानेही गाठ होत नाही. एकाच पेशीच्या वंशात अशा कित्येक चुका साठाव्या लागतात. म्हणून तर दशकं लागतात, आणि म्हणून बहुतेक पॉझिटिव्ह माणसांना कॅन्सर कधीच होत नाही.

गाठीतल्या पेशी तपासल्या तर विषाणूचा तुकडा सगळ्यांत एकाच जागी, अगदी त्याच अक्षरापाशी चिकटलेला सापडतो. याचा अर्थ तुकडा आधी बसला आणि गाठ नंतर वाढली, सगळी एकाच पेशीची कलमं. गाठ झाल्यावर विषाणू आत शिरला असता तर प्रत्येक पेशीत जागा वेगळी असती.

माणसांवरचा पुरावा तैवानमधून आला. तिथल्या २२,७०७ पुरुषांवर, बहुतेक सरकारी नोकर, वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतले ३,४५४ जण कावीळ 'ब'ला पॉझिटिव्ह होते. १९८१ साली निष्कर्ष छापून आले तोपर्यंत यकृताच्या कॅन्सरने ४१ जण गेले होते, आणि त्यांतले ४० पॉझिटिव्ह गटातले. पुढे १९८४ मध्ये तैवानने बाळांना लस द्यायला सुरुवात केली, आणि ६ ते १४ वयाच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर वर्षाला लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला.

सगळे कॅन्सरकारक विषाणू याच वाटेने जातात असं नाही. एचटीएलव्ही मुद्दामच पेशीच्या डीएनएमध्ये जाऊन बसतो आणि त्या पांढऱ्या पेशीला विभागायला लावतो, कारण पेशी वाढली की तोही वाढतो. त्याच्या वाहकांपैकी सुमारे पाच टक्क्यांना, तेही बहुधा अनेक दशकांनी, रक्ताचा कॅन्सर होतो. एप्स्टाइन-बार तर नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात असतो, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या. तो सहसा डीएनएमध्ये शिरत नाही, पेशीच्या केंद्रात कड्यासारखा लटकून राहतो. आफ्रिकेत जिथे मलेरिया सतत असतो, तिथल्या मुलांमध्ये दोन्ही मिळून जबड्याच्या गाठीपर्यंत प्रकरण नेतात. मलेरिया नसेल तर तोच विषाणू बहुतेकांना जन्मभर काही करत नाही.

तर बागायतदारांच्या दोन कागदांकडे येऊ. ते घेतात ती टेनोफोव्हिरची गोळी विषाणूच्या प्रती काढणारं यंत्र अडवते. म्हणून सुरुवातीला रक्ताच्या मिलिलिटरमागे ८५,००० युनिट असलेला विषाणू आता मोजताच येत नाही. पण पेशीच्या केंद्रातल्या कड्याला ही गोळी हात लावत नाही, आणि गुणसूत्रांत बसलेल्या तुकड्यांना तर नाहीच. त्या तुकड्यांवरून अख्खा विषाणू बनत नसला तरी आवरणाचं प्रथिन बनू शकतं, आणि ते बनतच राहतं. त्यांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे तो या प्रथिनाचा.

"म्हणजे घाण आतच आहे," ते म्हणाले.

आहे. पण एसजीपीटी ९२ वरून ३१ वर आलंय. म्हणजे छाटणी जवळजवळ थांबलीय, नव्या फुटी कमी झाल्यात, चुकायच्या संधीही कमी झाल्यात. कॅन्सरचा धोका त्यामुळे बराच उतरतो, पण शून्य होत नाही, कारण आधीच्या वर्षांत बसायचे ते तुकडे बसून गेलेत. या विषाणूत सिरॉसिस नसतानाही गाठ होऊ शकते, म्हणून ताठरपणा कमी झाला तरी सोनोग्राफी सोडायची नसते. यकृतातली अशी गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होते. वर्षातून एकदा पाहिलं तर काढता येण्याजोगी गाठ मधल्या काळात हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी.

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. फवारणीच्या तारखा, औषधांची प्रमाणं, मजुरांची हजेरी, सगळं त्यात होतं. एप्रिलच्या पानावर 'खरड छाटणी'च्या खाली त्यांनी लिहिलं 'सोनोग्राफी'. मग पानं उलटून ऑक्टोबर काढला आणि 'गोडी छाटणी'च्या खाली तेच पुन्हा लिहिलं. बहिणीचीही तारीख तीच टाकू का, असं विचारत होते.