सोनेतारण कर्ज: व्याज दरमहा भरावं की शेवटी एकदम?

सोनं तारण ठेवायला गेलं की काउंटरवर दोन पर्याय पुढे येतात. एकात दर महिन्याला नुसतं व्याज भरायचं आणि मुद्दल वर्षाच्या शेवटी. दुसऱ्याला 'बुलेट' म्हणतात: वर्षभर काहीच द्यायचं नाही, मुदत संपली की मुद्दल-व्याज एकदम. दोन्हींच्या कागदावर 12 टक्केच लिहिलेलं असतं, पण खरा वार्षिक दर वेगळा निघू शकतो.

1 लाखाचं कर्ज घेऊ. दरमहा पर्यायात महिन्याला 1,000 रुपये, वर्षाचे 12,000. बुलेटमध्ये सरळव्याज असेल तर शेवटी 1,12,000, म्हणजे व्याज तेवढंच. फरक वेळेचा आहे. पहिल्या पर्यायात पहिला हजार महिन्याभरातच गेला, उरलेले अकरा महिने तो तुमच्या कामी आला नाही. म्हणून त्याचा प्रभावी दर 1.01 चा बारावा घात वजा 1, म्हणजे 12.68 टक्के. सरळव्याजाच्या बुलेटचा मात्र 12 च.

गोम इथे आहे: काही ठिकाणी बुलेटचं व्याज दरमहा मुद्दलात मिळवतात. मग शेवटी 1,12,683 भरावे लागतात. रुपये 683 जास्त गेले, तरी दर 12.68 च, दरमहा भरण्याइतकाच. हे पटायला जड जातं खरं, पण ते हजार-हजार रुपये वर्षभर तुमच्याकडेच होते. त्यामुळे नुसती एकूण व्याजाची बेरीज बघून स्वस्त-महाग ठरवू नका. काउंटरवर एकच विचारा, "व्याज मुद्दलात कधी मिळवता?" वर्षाच्या शेवटीच म्हणाले, तर बुलेटचा दर 12.68 च्या खाली असेपर्यंत ती दरमहाच्या 12 टक्क्यांपेक्षा स्वस्त. 13 सांगितला तर महाग.

आता प्रोसेसिंग फी. 500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, असे 590 आधीच कापले तर हातात 99,410 येतात. वर्षाच्या सरळव्याजी बुलेटचा दर 12.66 होतो. पण पैसे आले म्हणून सहा महिन्यांतच दागिने सोडवले, तर तीच फी अर्ध्या वर्षावर पडते:

```
=(112000/99410)^(12/12)-1   → 12.66%
=(106000/99410)^(12/6)-1    → 13.70%
```

दरमहा पर्यायासाठी एक्सेलमध्ये एकाखाली एक 99410, अकरा वेळा -1000 आणि शेवटी -101000 टाका. `IRR` ने महिन्याचा दर मिळतो. त्याला बाराने गुणू नका, वरच्यासारखा बारावा घात काढा. उत्तर 13.4 च्या आसपास येईल.

बुलेटची दुसरी किंमत दरात दिसतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि बुलेटमध्ये ती मुदतीअखेर द्यायच्या एकूण रकमेला लावतात. 1,20,000 च्या सोन्यावर दरमहा पर्यायात 1,02,000 पर्यंत मिळू शकतात, 12 टक्के सरळव्याजाच्या बुलेटमध्ये साधारण 91,000.