मोबाइल नंबरचा पासवर्ड आणि वाय-फायच्या चार पिढ्या

लातूरच्या ट्यूशन एरियात वरच्या मजल्यावर विद्यार्थी ठेवणाऱ्या बऱ्याच घरांत वाय-फाय आता भाड्यातच धरलेले असते. फायबर जोडायला आलेला पोरगा काम उरकता उरकता विचारतो, "काका, पासवर्डला तुमचा मोबाइल नंबरच टाकू का? ध्यानात राहतंय." काका म्हणतात, "टाक की." परभणीत, बीडमध्ये, जालन्यातही हीच रीत दिसते. हा दहा आकडी पासवर्ड का चालत नाही, हे कळायला वाय-फायच्या एन्क्रिप्शनची पंचवीसेक वर्षे मागे जाऊन बघावी लागतात. पहिल्या पिढीत खोट यंत्रणेतच होती, पासवर्ड कसाही ठेवला तरी फरक पडत नव्हता. पुढे यंत्रणा सुधारली आणि सगळा भार पासवर्डवर आला.

पहिली पिढी म्हणजे WEP. वाय-फायचे मूळ मानक १९९७ साली आले, त्यातच ही पद्धत होती. किल्ली फक्त ४० बिटांची, कारण जोरदार एन्क्रिप्शन देशाबाहेर पाठवण्यावर तेव्हा अमेरिकेत निर्बंध होते. पुढे १०४ बिटांची किल्ली आली, पण खरी खोट लांबीत नव्हतीच. घरातली सगळी यंत्रे एकच कायमची किल्ली वापरत. डेटा छोट्या तुकड्यांत म्हणजे पॅकेटांत जातो; प्रत्येक पॅकेट वेगळे दिसावे म्हणून त्या किल्लीला २४ बिटांचा एक आकडा जोडला जाई, आणि तो आकडा पॅकेटसोबत उघडाच जाई. २४ बिटांत जेमतेम १ कोटी ६७ लाख आकडे बसतात. वर्दळीच्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात आणि पुन्हा तेच वापरात येतात. शिवाय २००१ साली फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर या तिघांनी दाखवून दिले की यातले काही ठरावीक आकडे आले की मूळ किल्लीचा थोडा थोडा अंश बाहेर फुटतो. पुरेशी पॅकेटे जमवायची आणि किल्ली काढायची, एवढेच काम उरले. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी १०४ बिटांची किल्लीसुद्धा मिनिटभराच्या आत काढून दाखवली. इथे पासवर्ड ओळखावा लागतच नाही, तो गणितानेच निघतो. म्हणून कुठल्या जुन्या राउटरवर आजही WEP असेल, तर पासवर्ड बदलून काही होत नाही, राउटरच बदलावा लागतो.

आपल्याकडे त्या काळात अनेक वाय-फाय कनेक्शनना पासवर्डच नसे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा एक ईमेल गेला. माग काढत पोलीस नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी पोचले. त्याच्या वाय-फायवरून दुसऱ्याच कुणीतरी तो मेल पाठवला होता. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने ग्राहकांचे वाय-फाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना इंटरनेट कंपन्यांना दिल्या. वाय-फायला पासवर्ड हवाच, ही गोष्ट इथे रुजायला लागली ती त्यानंतर.

२००३ मध्ये आलेली WPA ही तात्पुरती डागडुजी होती. विकली गेलेली लाखो यंत्रे फेकून देता येत नव्हती, म्हणून जुन्याच चिपवर सॉफ्टवेअर बदलून चालेल अशी TKIP नावाची पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक पॅकेटची किल्ली वेगळी होऊ लागली. तिने वेळ निभावून नेली, आज ती वापरायचे कारण नाही.

खरा बदल झाला २००४ मध्ये, WPA2 आल्यावर. त्यात AES ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरली जाते आणि ती आजवर कुणी फोडलेली नाही. २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी KRACK हा दोष शोधला तेव्हा जगभर गाजावाजा झाला, पण तो जोडणीच्या क्रमातला दोष होता. त्यातून पासवर्ड मिळत नव्हता आणि फोन-लॅपटॉपच्या अपडेटने तो मिटला. एन्क्रिप्शन इतके पक्के झाल्यावर आत शिरू पाहणाऱ्यापुढे वाट एकच उरते, पासवर्ड अंदाजाने शोधणे.

ती वाट कशी चालते ते नीट बघू. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवघेव होते. त्यात पासवर्ड जात नाही, पण पासवर्डपासून काढलेली खूण जाते. हे चार संदेश हवेतून कुणीही टिपू शकतो. एकदा टिपले की राउटरचे काम संपले. टिपणारा घरी जाऊन आपल्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड घेऊन तीच खूण तयार होते का ते ताडत बसतो. राउटरला याचा पत्ता लागत नाही आणि किती वेळा चुकला याची कुठे नोंद होत नाही. हे चार संदेश टिपायला मुद्दाम फोनची जोडणी तोडण्याची युक्ती आहे, पण मराठवाड्यात तेवढेही कष्ट नकोत. लाइट गेली आणि परत आली, की गल्लीतले सगळे राउटर चालू होतात आणि सगळे फोन आपणहून नव्याने जोडले जातात.

अंदाज महाग पडावेत म्हणून WPA2 मध्ये एक तजवीज आहे. पासवर्ड आणि वाय-फायचे नाव एकत्र करून त्यावर तीच आकडेमोड ४०९६ वेळा होते, मग किल्ली तयार होते. २००४ साली ही तजवीज चांगली होती. आज गेम खेळायला घेतलेले एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड तपासते.

आता काकांचा मोबाइल नंबर घेऊ. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख धरले तर ४००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटे. तेही भारतातला प्रत्येक संभाव्य नंबर तपासायचा ठरवला तर. काकांचा नंबर मात्र गेटवरच्या 'रूम भाड्याने देणे आहे' या पाटीवर लिहिलेला असतो, तिथे एका अंदाजात काम होते. ही काल्पनिक भीती नाही. २०२१ मध्ये तेल अवीवमध्ये एका सुरक्षा संशोधकाने शहरात फिरून ५००० वाय-फायचे नमुने जमवले आणि त्यातले सुमारे ७० टक्के फोडले. तिथेही मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवण्याची खोड होती.

लोक यावर उपाय म्हणून `Sanket@123` असे काहीतरी करतात. मोठे अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत, राउटरही हिरवी पट्टी दाखवून 'स्ट्रॉंग' म्हणतो. पण नाव, मग @, मग 123 किंवा जन्मसाल, हा साचा पासवर्ड शोधणाऱ्या प्रोग्रामना पाठ असतो. देवाचे, गावाचे, मुलीचे नाव हेही त्याच यादीत. माझ्या मते चिन्हांचा आग्रह सोडावा आणि दोन गोष्टी बघाव्यात, पासवर्ड किती लांब आहे आणि तो खरोखर चिठ्ठ्या टाकून निघालेला आहे का. चिठ्ठ्या टाकून निघालेली आठ लहान इंग्रजी अक्षरे वरच्या वेगाने सुमारे अडीच दिवसांत संपतात. तशीच बारा अक्षरे घेतली तर तीन हजार वर्षे लागतात. चारच अक्षरे वाढली.

घरी करायची सोपी रीत अशी. ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या करा. तीन वेळा चिठ्ठी काढा, दरवेळी परत टाका, आलेल्या तीन आकड्यांचे पान हजार पानांच्या मराठी शब्दकोशात उघडा, ००० आले तर हजारावे, आणि त्या पानावरचा पहिला साधा, रोजचा शब्द घ्या. असे सहा शब्द काढून रोमन लिपीत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहा. उदाहरणार्थ `topli-kapus-lohar-nangar-baraf-jina`. हाच उचलू नका, छापलेला पासवर्ड कुणाचाच राहत नाही. 'विहीर' सारखा दोन प्रकारे लिहिता येणारा शब्द आला तर पुढचा घ्या, नाहीतर पाहुण्यांना स्पेलिंग सांगत बसावे लागते. हजार पानांच्या कोशातून सहा शब्द म्हणजे एकावर अठरा शून्ये देता येतील इतक्या शक्यता. एका कार्डाला त्या संपवायला तीस हजारांवर वर्षे लागतील, आणि कुणी शंभर कार्डे लावली तरी तीनशे. टीव्हीच्या रिमोटने हे टाइप करायचा कंटाळा असेल, तर त्याच चिठ्ठ्यांनी वीस आकडे काढा आणि चार-चारच्या गटांनी लिहून ठेवा. ते त्याहूनही भक्कम आहेत. नियमानुसार पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्यामुळे जागा भरपूर आहे.

WPA3 ही पिढी २०१८ मध्ये आली आणि तिने नेमकी ही घरी बसून ताडण्याची सोयच बंद केली. तिच्यात प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावे लागते, टिपलेले संदेश घरी नेऊन उपयोग होत नाही. दुसरा फायदा भाडेकरू असलेल्या घरांना जास्त आहे. WPA2 मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस दुसऱ्याच्या जोडणीचे संदेश टिपून त्याचे पुढचे पॅकेट उलगडू शकतो, WPA3 मध्ये ते जमत नाही. पण बहुतेक घरांत जुना फोन किंवा टीव्ही असतो म्हणून राउटर `WPA2/WPA3` अशा मिश्र सेटिंगवर ठेवतात. त्यात पासवर्ड एकच असतो आणि WPA2 चा दरवाजा उघडाच राहतो, त्यामुळे तिथे मोबाइल नंबर WPA3 च्या आधाराने सुरक्षित होत नाही.

सेटिंग बघायला राउटरच्या मागच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा `192.168.1.1`. सगळी यंत्रे नवी असतील तर `WPA3`, नाहीतर मिश्र, तेही नसेल तर `WPA2-PSK` आणि `AES`. यादीत `TKIP` दिसले तर ते काढा. आयफोन जुन्या पद्धतीच्या नेटवर्कखाली 'Weak Security' असे लिहून दाखवतो, ती खूण पुरेशी आहे. तिथेच `WPS` बंद करा. आठ आकडी पिनने जोडण्याची ही सोय, पण २०११ मध्ये श्टेफान फीबॉक यांनी दाखवले की राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून निघतो. दहा कोटी शक्यता अशाने ११,००० वर येतात, मग वाय-फायचा पासवर्ड कितीही लांब असो. आणि हे पान उघडायचा पासवर्ड `admin` असेल तर तोही वेगळा ठेवा. वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही पोराला तो पहिल्या प्रयत्नात सापडतो.

विद्यार्थ्यांसाठी `Guest` नेटवर्क वेगळे करावे आणि जुनी बॅच गेली की त्याचाच पासवर्ड बदलावा, म्हणजे घरच्या टीव्ही-कॅमेऱ्याला पुन्हा जोडत बसावे लागत नाही. लांब पासवर्ड कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवायला हरकत नाही. तो शोधणारा गल्लीत बसलेला असतो, कपाटापाशी नाही. क्यूआर कोड मात्र सांभाळावा. फोन तयार करतो त्या कोडमध्ये पासवर्ड एन्क्रिप्ट केलेला नसतो, सरळ असा लिहिलेला असतो:

```
WIFI:T:WPA;S:Ghar;P:topli-kapus-lohar-nangar-baraf-jina;;
```

जिन्यात चिकटवलेल्या त्या कोडचा कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकला, की पासवर्ड बदलायची वेळ आली असे समजावे.