विंडोज ७ चा पेनड्राइव्ह नव्या बोर्डावर का अडतो : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न कापणारं राउटर मशीन विंडोज ७ वरच चालवणारी वर्कशॉप अजून आहेत. मशीन धडधाकट असतं, पण त्याच्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे आलेलाच नसतो. पीसीचा बोर्ड गेला की नवा बसवावा लागतो, आणि मग दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "सिक्युअर बूट ऑफ केलंय, तरी इन्स्टॉलर सुरूच होईना झालाय." या वाक्यात दोन वेगळ्या अडचणी एक झाल्या आहेत. त्या वेगवेगळ्या काळात आल्या, आणि त्यांची कारणंही वेगळी होती.

पीसी सुरू करणाऱ्या जुन्या बायॉसच्या जागी आलेल्या ईएफआय या फर्मवेअरचा जन्म नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सर्व्हरच्या एका नव्या प्रोसेसरसाठी झाला. २००५ मध्ये त्याचं यूईएफआय झालं आणि ते अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेलं. घरच्या पीसीला त्याची गरज पुढे भासली, ती दोन टीबीच्या वरच्या डिस्क बाजारात आल्या तेव्हा. डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत त्यांची सगळी जागा वापरताच येत नव्हती. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ची ६४-बिट आवृत्ती यूईएफआयमध्ये सुरू होऊ शकते. ३२-बिट आवृत्ती अजिबात होत नाही. त्या काळी बोर्डावर सीएसएम असायचंच. नव्या फर्मवेअरच्या आत जुन्या बायॉसच्या सेवा पुरवणारा हा भाग असल्यामुळे कोणाचंच काही अडत नव्हतं.

सिक्युअर बूट २०११ मध्ये यूईएफआयच्या २.३.१ आवृत्तीत आलं, म्हणजे विंडोज ७ नंतर. ऑपरेटिंग सिस्टीम उठण्याआधीच ताबा घेणारे बूटकिट तेव्हा पसरत होते, आणि त्यावर उपाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या बूटलोडरची सही तपासायची असं ठरलं. इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. वाद पेटला तो सही कोणाची मानायची यावरून.

२०१२ मध्ये विंडोज ८ येताना तिच्या कंपनीने अट घातली : विंडोजचा लोगो हवा असेल तर पीसी सिक्युअर बूट चालू करूनच विकायचा. सही तपासायच्या किल्ल्या कोणत्याही ठेवायची मुभा कागदावर होती, पण प्रत्यक्षात जवळपास प्रत्येक बोर्डावर त्या एकाच कंपनीच्या किल्ल्या आल्या. लिनक्सवाल्यांनी २०११ पासूनच आरडाओरडा सुरू केला होता. अखेर त्यांनाही शिम नावाचा छोटा लोडर त्याच कंपनीकडून सही करून घ्यावा लागला. टीकेनंतर नियमांत स्पष्ट झालं की साध्या पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे. एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांवर मात्र बंद करायची सोय ठेवायची नाही. २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी पीसीवरची ही सक्तीही सैल झाली, आणि बंद करण्याची सोय द्यायची की नाही हे पीसी बनवणाऱ्यावर सोडलं गेलं. सुट्या विकल्या जाणाऱ्या बोर्डांवर ती सहसा टिकली. तरी ज्याने पैसे मोजून पीसी घेतला त्याचा हक्क अटींच्या कागदावरून असा गुपचूप उतरवला गेला, हे काही बरं झालं नाही. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. पण किल्ली मालकाच्या हातात ठेवूनही सुरक्षा देता आली असती.

या वादाचा आवाज एवढा मोठा झाला की लोक प्रत्येक अडचणीचं खापर सिक्युअर बूटवरच फोडू लागले. विंडोज ७ च्या बाबतीत खरं दार बंद केलं ते दुसऱ्याच निर्णयाने. एका मोठ्या चिप कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत सीएसएमचा आधार काढून घेणार. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ ने यूईएफआय आणि सिक्युअर बूटची क्षमता सक्तीची केली, तसे नवे बोर्ड सीएसएम बंद ठेवूनच येऊ लागले.

उद्यमनगरातल्या त्या पीसीवर हे कसं दिसतं ते क्रमाने पाहू. पेनड्राइव्ह जुन्या सवयीने, एमबीआर आणि बायॉससाठी बनवलेला असेल, तर बूट मेनूत त्याचं नावच येत नाही. सीएसएम बंद असताना फर्मवेअर त्याला बूट होणारी वस्तू मानतच नाही. लोक इथे पेनड्राइव्ह खराब समजून दुसरा आणतात.

मग तो फॅट३२ करून विंडोज ७ च्या ६४-बिट डीव्हीडीतल्या फायली त्यावर जशाच्या तशा टाकल्या जातात. तरीही नाव दिसत नाही, कारण फर्मवेअर पेनड्राइव्हवर एक ठरावीक फाइल शोधतं आणि त्या डीव्हीडीत ती त्या जागी नाही :

```
\EFI\BOOT\BOOTX64.EFI
```

`install.wim` मधून `bootmgfw.efi` काढून या नावाने तिथे ठेवली की मेनूत `UEFI:` ने सुरू होणारी ओळ येते. रूफससारखी साधनं हे काम आपणहून करतात.

आता सिक्युअर बूट चालू असेल तर लाल चौकटीत `Secure Boot Violation` असा किंवा तशाच अर्थाचा संदेश येतो. फर्मवेअर ज्या सह्या मानतं त्यांत विंडोज ७ च्या लोडरची सही बसत नाही. ते बंद केलं की संदेश जातो, `Starting Windows` ही अक्षरं उमटतात आणि सगळं तिथेच गोठतं. अर्धा तास थांबलं तरी पुढे काही नाही.

"ऑफ केलंय, तरी" ही तक्रार इथली. विंडोज ७ यूईएफआयमध्ये उठली तरी पडद्यावर चित्र काढण्यासाठी INT 10h ही जुन्या बायॉसची सेवा मागते. ती सेवा सीएसएमकडून मिळते. सीएसएम नाही तर उत्तर द्यायला कोणी नाही. म्हणजे बंद करायचं सिक्युअर बूट आणि चालू करायचं सीएसएम. दोन्ही एकत्र चालत नाहीत, म्हणून बऱ्याच बोर्डांवर पहिलं बंद केल्याशिवाय दुसऱ्याची ओळ फिकीच राहते.

सीएसएम चालू झाल्यावर नवीनच घोळ उभा राहतो. तोच पेनड्राइव्ह मेनूत दोनदा दिसू शकतो, एकदा `UEFI:` सह आणि एकदा नुसत्या नावाने. इन्स्टॉलर कोणत्या पद्धतीने चालणार हे तिथे कोणती ओळ निवडली यावर ठरतं, आणि डिस्कही त्याच पद्धतीची लागते. नुसतं नाव निवडलं आणि डिस्क जीपीटी, म्हणजे यूईएफआयबरोबरच्या नव्या पद्धतीची असली, तर पार्टिशनच्या पडद्यावर नकार येतो. शिफ्ट आणि एफ१० दाबून हे तपासता येतं :

```
diskpart
list disk
```

`Gpt` या स्तंभाखाली तारका असेल तर डिस्क जीपीटी आहे. मग रीस्टार्ट करून `UEFI:` ची ओळ निवडायची. कामाचा डेटा असलेली डिस्क मात्र `clean` करून मोकळी करू नये. त्या एका आदेशात सगळी पार्टिशन्स जातात.

बोर्डावर सीएसएमची ओळच नसेल तर सेटिंगची कसरत तिथेच थांबते. काही नव्या बोर्डांवर सीएसएम आहे, पण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ते चालत नाही. जुनी सेवा देणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. एवढं करूनही इन्स्टॉलरमध्ये माउस आणि कीबोर्ड मेलेले दिसले, तर त्याचा बूटशी संबंध नाही. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, तो पेनड्राइव्हमधल्या इमेजमध्ये आधीच घालावा लागतो.

म्हणूनच राजारामपुरीतल्या एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे हे काम गेलं, तर तो नव्या बोर्डाशी झटापट न करता वापरलेला एच८१ चिपसेटचा बोर्ड शोधतो. त्यावर सीएसएम आहे, आतलं ग्राफिक्स जुन्या पद्धतीने चालतं आणि यूएसबी २ चे पोर्टही आहेत. कारखानदाराला नव्या पीसीच्या पैशांत जुना बोर्ड का, हे समजावून सांगताना त्याची दमछाक होते. विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले असल्याने तो पीसी इंटरनेटला जोडायचा नाही आणि मशीनच्या फायली पेनड्राइव्हने न्यायच्या, एवढं मात्र तो बजावून ठेवतो.