रिग्रेशनच्या तक्त्यातले दोन रकाने: `Estimate` आणि `Pr(>|t|)`

माझी एक मैत्रीण संशोधन करते. संख्याशास्त्र ती कधी शिकलेली नाही. मार्गदर्शकांनी सांगितलं म्हणून तिने सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन, म्हणजे काही गोष्टींवरून दुसरी एक गोष्ट किती बदलते ते काढणारा हिशेब, चालवलं आणि आलेला तक्ता मला दाखवत म्हणाली, "या ओळीला तीन तारे आहेत, त्या ओळीला दोन. म्हणजे पहिल्याचा परिणाम जास्त, हो ना?" नाही. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की तो सावकाशीने सोडवायला हवा. तारे एका रकान्यावरून पडतात आणि परिणाम दुसऱ्याच रकान्यात लिहिलेला असतो.

तिच्या माहितीऐवजी मी तिला R या सॉफ्टवेअरसोबत येणारी `mtcars` ही माहिती उघडायला सांगितली, म्हणजे कोणालाही तोच तक्ता काढून पाहता येईल. त्यात १९७४ सालच्या एका अमेरिकी मासिकातून घेतलेल्या ३२ मोटारगाड्या आहेत. एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते (`mpg`), हे तिचं वजन (`wt`, हजार पौंडांत) आणि अश्वशक्ती (`hp`) यांवरून सांगता येतं का, हा आपला प्रश्न.

```
m <- lm(mpg ~ wt + hp, data = mtcars)
summary(m)

            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept) 37.22727    1.59879  23.285  < 2e-16 ***
wt          -3.87783    0.63273  -6.129 1.12e-06 ***
hp          -0.03177    0.00903  -3.519  0.00145 **
```

पहिली ओळ तूर्त सोडून द्या. वजन शून्य आणि अश्वशक्तीही शून्य असलेल्या गाडीचं ते मायलेज आहे, आणि अशी गाडी नसते.

आता `Estimate`. हा रकाना "किती" ते सांगतो. अश्वशक्ती सारखीच असलेल्या दोन गाड्या घेतल्या आणि त्यांतली एक हजार पौंडांनी जड असली, तर ती गॅलनमागे सरासरी ३.८८ मैल कमी जाते. वजा चिन्ह म्हणजे "कमी". `hp`ची ओळही तशीच वाचायची: वजन सारखं असेल तर दर एका अश्वशक्तीमागे ०.०३ मैल कमी. "बाकीचं सारखं असताना" ही अट वाचताना गाळली, तर वाक्यच चुकतं.

मैत्रीण लगेच म्हणाली, "मग वजनाचा परिणाम शंभरपटीहून जास्त झाला की!" हाही सापळाच. या रकान्यातल्या आकड्याला एकक चिकटलेलं असतं. एक एकक वजन म्हणजे इथे तब्बल हजार पौंड, आणि एक अश्वशक्ती म्हणजे इंजिनातला नगण्य फरक. या ३२ गाड्यांत अश्वशक्ती ५२ पासून ३३५ पर्यंत जाते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अश्वशक्तीतला फरक ०.०३१७७ ने गुणला, तर सुमारे ९ मैल येतात. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गाडीच्या वजनाचा तसाच हिशेब केला, तर सुमारे १५ मैल. वजनाचं पारडं जड आहे खरं, पण शंभरपटीने नव्हे.

दोन रकान्यांतला फरक डोळ्यांसमोर आणायचा तर वजन हजार पौंडांऐवजी साध्या पौंडांत मोजून तेच रिग्रेशन पुन्हा चालवा. `wt`च्या ओळीतला `Estimate` -३.८७७८३ वरून -०.००३८८ वर येतो. `Pr(>|t|)` मात्र जागचा हलत नाही, तोच `1.12e-06`. गाड्या त्याच आणि संबंधही तोच, बदलली ती फक्त मोजपट्टी. परिणामाचा आकार जर या शेवटच्या रकान्यात असता, तर तोही बदलला असता.

मग शेवटचा रकाना काय सांगतो? (`e-06` म्हणजे दशांशचिन्ह सहा घरं डावीकडे, म्हणजे ०.०००००११२ असा आकडा.) या रकान्यातल्या आकड्यालाच पी-व्हॅल्यू म्हणतात; ती जितकी लहान, तितके तारे जास्त. समजा, वजन धरल्यावर अश्वशक्तीचा मायलेजशी खरोखर काहीही संबंध नाही. तरीही ३२ गाड्यांच्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने शून्यापासून एवढा किंवा याहून दूरचा आकडा हाती लागू शकतो. तसं किती वेळा घडेल? ०.००१४५ म्हणजे असे दहा हजार नमुने घेतले तर साधारण चौदा-पंधरा वेळा. हे क्वचितच घडणारं असल्याने "संबंध नाही" हे गृहीतक धरून ठेवणं कठीण जातं. "संबंध नसण्याची शक्यता ०.००१४५" असा मात्र याचा अर्थ होत नाही. आकडा संबंध नाही असं धरून काढलेला आहे, म्हणून त्या धरण्याचीच शक्यता तो सांगू शकत नाही.

हे दोन रकाने मधल्या `Std. Error`ने जोडलेले आहेत. दुसरा नमुना घेतला असता तर `Estimate` साधारण किती इकडेतिकडे झाला असता, ते तिथे दिसतं. -३.८७७८३ भागिले ०.६३२७३ केलं की -६.१२९ येतो, तोच `t value`, आणि पी-व्हॅल्यू त्यावरून निघते. म्हणून नमुना खूप मोठा असला की `Std. Error` आक्रसतो आणि अगदी क्षुल्लक परिणामालाही तीन तारे मिळतात.

उलटही होतं, आणि संशोधक जास्त फसतात ते तिथे. पाव मैल अंतर कापायला लागणारे सेकंद (`qsec`) हा तिसरा घटक घाला. आता `hp`ची ओळ अशी येते:

```
hp          -0.01782    0.01498  -1.190  0.24418
```

तारे गेले. मैत्रिणीने वहीत लिहिलं, "अश्वशक्तीचा परिणाम नाही." मी तिला `confint()` चालवून ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे या माहितीशी जुळणाऱ्या परिणामांचा पल्ला, काढायला सांगितलं. `hp`साठी उत्तर आलं: -०.०४८ ते +०.०१३. म्हणजे परिणाम शून्य असू शकतो, तसाच आधीच्या -०.०३२ पेक्षाही मोठा असू शकतो. दमदार इंजिनाची गाडी अंतर लवकर कापते, त्यामुळे अश्वशक्ती आणि सेकंद एकमेकांशी बांधलेले आहेत (सहसंबंध सुमारे -०.७१). कुणाचा वाटा किती, हे फक्त ३२ गाड्यांवरून वेगळं काढणं अवघड होतं, म्हणून `Std. Error` ०.००९ वरून ०.०१५ वर गेला. "परिणाम नाही" आणि "या माहितीतून सांगता येत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मोठी पी-व्हॅल्यू एकटीच आली तर फक्त दुसरं लिहिता येतं.

वहीतलं वाक्य तिने खोडलं आणि पहिल्या तक्त्यावरून नवं लिहिलं: "वजन समान असता, दर १०० अश्वशक्तीमागे मायलेज गॅलनमागे सरासरी ३.२ मैलांनी कमी आढळतं (९५ टक्के विश्वास-अंतराल १.३ ते ५.० मैल, पी = ०.००१)."