अ‍ॅप पुन्हा टाकलं की स्किप परत मिळतात?

‘गाण्याच्या अ‍ॅपवर स्किप संपले की अ‍ॅप काढून पुन्हा टाका, मोजणी शून्यापासून सुरू होते.’

तसं होत नाही. ही मोजणी सहसा फोनमध्ये नाही, तर सर्व्हरवर तुमच्या खात्याच्या नावे असते. समजा, तासाला 6 स्किप मिळतात. सहा वापरा, अ‍ॅप काढून पुन्हा टाका, त्याच खात्याने लॉगिन करा. सातव्यांदा बटण अडेलच. या खटपटीत तास उलटला, तर मात्र स्किप आपोआप परत येतात आणि श्रेय नव्याने टाकलेल्या अ‍ॅपला जातं.

पैसे भरल्यावर सहसा स्किपची मर्यादा, सक्तीचं शफल आणि गाण्यांमधल्या जाहिराती जातात. पॉडकास्टच्या निवेदकाने स्वतः वाचलेली जाहिरात राहते, कारण ती अनेकदा रेकॉर्डिंगमध्येच असते.